पहिला सैनिक कुठून निघाला?

एकाच शेअरच्या चार्टवर, काही महिन्यांच्या अंतराने, तीन लांबलचक पांढऱ्या कॅन्डल्स दोनदा दिसतात. पहिल्यांदा त्यांच्या पाठोपाठ मोठी तेजी येते. दुसऱ्यांदा अगदी तशाच तीन कॅन्डल्स बघून ज्याने खरेदी केली, तो चौथ्या दिवशी वरच्या भावात अडकलेला असतो. मग तो म्हणतो की पॅटर्न फेल गेला. माझं म्हणणं असं की पॅटर्नने त्याचं काम चोख केलं होतं, फक्त दुसऱ्यांदा तो वेगळी गोष्ट सांगत होता. हे दोन प्रसंग एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी व्याख्या उरकून घेऊ. कॅन्डल म्हणजे एका दिवसाच्या भावाची आकृती: उघडलेला आणि बंद भाव यांच्यामधला जाड भाग ही तिची बॉडी, आणि तिथून उच्चांक-नीचांकापर्यंत जाणारी बारीक रेघ ही विक. तीन पांढरे सैनिक म्हणजे लागोपाठ तीन तेजीच्या कॅन्डल्स. प्रत्येकीची बॉडी लांब, प्रत्येकीचा बंद भाव आदल्या दिवसापेक्षा वर आणि त्या दिवसाच्या उच्चांकाजवळ. शिवाय दुसरी आणि तिसरी कॅन्डल आदल्या दिवसाच्या बॉडीच्या आत कुठेतरी उघडलेली असते. तीन काळे कावळे याच्या बरोबर उलट: लागोपाठ तीन मंदीच्या कॅन्डल्स, प्रत्येकीचा बंद भाव आदल्यापेक्षा खाली आणि दिवसाच्या नीचांकाजवळ. ही पद्धत जपानमधली. तिथे तेजीची कॅन्डल लाल रंगवायची रीत असल्यामुळे त्यांचे सैनिक मुळात लाल आहेत. आपल्या स्क्रीनवर ते बहुधा हिरवे असतात. रंगावर काही अडत नाही.

व्याख्येतलं 'आदल्या बॉडीच्या आत उघडणं' हे मात्र लोक वाचतात आणि सोडून देतात. सगळी गंमत तिथेच आहे. आदल्या दिवशी भाव १०३ ला बंद झाला आणि आज १०२ च्या आसपास उघडला, याचा अर्थ सकाळी कोणीतरी विकत होतं. कालची वाढ पाहून कोणाला तरी नफावसुली करावीशी वाटली. आणि तरीही दिवस संपेपर्यंत खरेदीदारांनी ती सगळी विक्री पचवून भाव १०५ वर नेला. असं तीन दिवस ओळीने झालं, म्हणजे तीनदा विक्री आली आणि तीनदा ती गिळली गेली. सैनिकांचं बळ इथून दिसतं, नुसत्या हिरव्या रंगातून दिसत नाही.

म्हणूनच एक सूचना इथेच देतो. हायकिन आशी चार्टवर तीन सैनिक शोधू नका. त्या चार्टमध्ये प्रत्येक कॅन्डलचा उघडणारा भाव हा आदल्या कॅन्डलच्या बॉडीचा बरोबर मध्य म्हणून काढलेला असतो. म्हणजे 'आदल्या बॉडीच्या आत उघडली' ही अट तिथे आपोआपच पूर्ण होते. ती बाजाराने केलेली नसते, सूत्राने केलेली असते. चोवीस तास चालणाऱ्या बाजारात उलटी अडचण येते. तिथे एक कॅन्डल संपते त्याच भावाला दुसरी सुरू होते, त्यामुळे उघडण्याच्या भावातून काही कळत नाही आणि खालची विक बघावी लागते. कॅन्डल आधी थोडी खाली जाऊन मग वर गेली असेल, तर सकाळची विक्री आणि तिचं पचन दोन्ही त्या खालच्या विकमध्ये दिसतात.

आता पहिला प्रसंग घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, पण ते शेवटपर्यंत तेच ठेवतो.

समजा एक शेअर १३० वरून पडत पडत १०० ला आला आणि पाच-सहा आठवडे ९९ ते १०२ च्या मध्ये रेंगाळला. त्याची २० दिवसांची सरासरी १०१ आहे. एटीआर, म्हणजे हा शेअर एका दिवसात साधारण किती हलतो त्याचं माप, २ आहे. जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं हे माप बहुतेक चार्टवर १४ दिवसांचं असतं, आणि आदल्या बंद भावापासून पडलेली गॅपही ते मोजतं. अशा वेळी तीन सैनिक येतात. पहिला १००.५ ला उघडून १०३ ला बंद होतो. दुसरा १०२.२ ला उघडून १०५ ला, आणि तिसरा १०४.३ ला उघडून १०७ ला.

या क्षणी त्या शेअरभोवती कोण कोण आहे ते डोळ्यांसमोर आणा. ज्यांना घाबरून विकायचं होतं ते १३० ते १०० च्या प्रवासात विकून मोकळे झालेत. मंदी करून बसलेल्यांना आता तोटा होऊ लागलाय, त्यांना शॉर्ट कव्हर करावं लागणार, म्हणजे खरेदीच करावी लागणार. मोठे गुंतवणूकदार एका दिवसात सगळी ऑर्डर भरू शकत नाहीत, ती दिवसेंदिवस चालते. आणि काठावर बसून वाट बघणारे तर अजून आलेलेच नाहीत. खरेदी करू शकणारी माणसं बाहेर आहेत, विकू शकणारी बरीचशी निघून गेलेली आहेत. सैनिक ताजे आहेत ते यामुळे.

दुसरा प्रसंग याच शेअरचा. सैनिकांनंतर तो थोडा थांबला, आणि मग आठ आठवडे रोज सरासरी एक अंक या वेगाने चढत १४७ ला पोचला. आता २० दिवसांची सरासरी १३७ आहे आणि एटीआर ३ झालाय. इथे पुन्हा तीन सैनिक येतात.

नेमका इथे बहुतेकांच्या मोजण्यात एक चूक होते. 'भाव फार ताणलाय का' हे बघताना ते तिसऱ्या सैनिकाच्या डोक्यापासून सरासरीपर्यंतचं अंतर मोजतात. पण तीन लांब कॅन्डल्स झाल्या की भाव सरासरीपासून दूर जाणारच. पहिल्या प्रसंगात १०७ चा बंद भाव १०१ च्या सरासरीपासून ६ अंक, म्हणजे ३ एटीआर दूर होता. त्या हिशोबाने तेजीची ती उत्तम सुरुवातसुद्धा 'ताणलेली' ठरेल आणि तुम्ही ती सोडून द्याल. म्हणून मी पहिला सैनिक कुठून निघाला ते मोजतो. पहिल्या प्रसंगात तो १००.५ ला निघाला होता, १०१ च्या सरासरीच्या अगदी जवळ. दुसऱ्या प्रसंगात तो १४७ ला निघाला, सरासरीच्या १० अंक वर, म्हणजे ३ एटीआरपेक्षा जास्त. पहिल्या वेळी सैनिक छावणीतून निघाले होते. दुसऱ्या वेळी ते आधीच लांबची मजल मारून आले होते आणि तिथून पुढे त्यांना आणखी पळायला सांगितलं गेलं.

किती एटीआरला ताणलेला म्हणायचं, याचा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही. मी स्वतः एक एटीआरच्या आतल्या सुरुवातीला ताजी समजतो आणि तीनच्या पुढच्या सुरुवातीला दमलेली. मधल्या पट्ट्यात पॅटर्नवर एकट्यावर भिस्त ठेवत नाही. तुमच्या शेअरचा मागचा वर्षभराचा चार्ट काढा आणि तो सरासरीपासून किती एटीआर दूर गेल्यावर परत फिरत आला, ते डोळ्यांनी बघा. कोणत्याही ठोकळ आकड्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

आता ते तीन दिवस जवळून बघू. पहिल्या दिवशी शेअर १४७ ला उघडला, १४६.५ पर्यंत उतरला, १५२.५ पर्यंत चढला आणि १५२ ला बंद झाला. बॉडी ५ अंकांची, वरची विक जेमतेम अर्ध्या अंकाची. व्हॉल्यूम नेहमीच्या १.३ पट. दुसऱ्या दिवशी १५१ ला उघडून १५६.५ चा उच्चांक आणि १५५ चा बंद. बॉडी ४, वरची विक १.५, व्हॉल्यूम १.६ पट. तिसऱ्या दिवशी १५४.५ ला उघडला. सकाळी १५४ पर्यंत किंचित खाली येऊन मग जोरात निघाला, आणि दुपारपर्यंत १६० वर. गोल आकडा, नवा उच्चांक, सगळ्यांच्या स्क्रीनवर हिरवा. पण १६० ला थांबला. परत एकदा १५९ च्या वर गेला, टिकला नाही. दिवस संपता संपता १५७ ला बंद झाला. बॉडी २.५, वरची विक ३, आणि व्हॉल्यूम नेहमीच्या २.२ पट.

तिन्ही कॅन्डल्स हिरव्या आहेत, दुसरी आणि तिसरी आदल्या बॉडीत उघडल्या, तिन्हींचे बंद भाव चढते आहेत. घाईत बघणाऱ्याला तीन सैनिक दिसतात. पण बॉडी ५ वरून ४ आणि ४ वरून २.५ झाली, विक अर्ध्यावरून ३ वर गेली, आणि व्हॉल्यूम मात्र वाढतच राहिला. पहिल्या दिवशी १.३ पट उलाढालीत भाव ५ अंक सरकला. तिसऱ्या दिवशी २.२ पट उलाढाल होऊन जेमतेम अडीच अंक. एवढी मोठी खरेदी होत असताना भाव वर का जात नाही? कारण तेवढ्याच ताकदीने कोणीतरी विकतंय. ज्याने १०० ते ११० मध्ये माल घेतला, त्याला आपला मोठा माल विकायला गर्दी लागते. गर्दी कधी मिळते? नव्या उच्चांकाला, हिरव्या दिवशी, जेव्हा सगळे घ्यायला धावतात तेव्हा. तो १६० जवळ शांतपणे विकत होता.

आणि त्या दुपारी १५८-१५९ ला ज्यांनी घेतलं, ते दिवस संपताना तोट्यात आहेत. हे लोक उद्याचे विक्रेते आहेत. तिसऱ्या सैनिकाची वरची विक म्हणजे नुसती रेघ नाही, त्या उंचीवर अडकलेल्या माणसांची ती जागा आहे. उद्या भाव थोडा वर आला की ते 'निदान मुद्दल तरी सुटू दे' म्हणून विकायला उभे राहणार.

बॉडी लहान होत जाणारी आणि विक वाढत जाणारी ही रचना इतकी ओळखीची आहे की तिला ॲडव्हान्स ब्लॉक असं वेगळं नाव आहे. तिची एक बहीण आहे: पहिल्या दोन कॅन्डल्स लांब आणि तिसरी दुसरीच्या माथ्यावर बसलेली छोटीशी. तिला डेलिबरेशन म्हणतात. दोन्हींमध्ये दमछाक कॅन्डलवरच लिहिलेली असते, म्हणून त्या ओळखायला सोप्या.

अवघड आहे तो तिसरा प्रकार, ज्यात थकवा दिसतच नाही. ताणलेल्या तेजीच्या शेवटी कधीकधी तिसरा सैनिक सगळ्यांत मोठा असतो. विक नाही, बंद उच्चांकाला, व्हॉल्यूम तिप्पट. यापेक्षा दमदार कॅन्डल असूच शकत नाही असं वाटतं. पण कोण घेतंय ते बघा. मंदी करून बसलेले शेवटचे लोक हात टेकून कव्हर करतायत, आणि महिनाभर बाहेर राहिलेले 'आता राहवत नाही' म्हणून आत येतायत. दोघांनाही भावाशी देणंघेणं नाही, त्यांना फक्त सौदा हवाय. म्हणून कॅन्डल एवढी लांब होते. हे दोघे घेऊन झाले की पुढचा खरेदीदार उरत नाही. असल्या कॅन्डलला मी त्या दिवशी थकलेली म्हणत नाही, कारण म्हणायला पुरावाच नसतो. ताकदीची कॅन्डल आणि शेवटची कॅन्डल त्या दिवशी अगदी सारख्या दिसतात. फरक दुसऱ्या दिवशी कळतो: खरी ताकद असेल तर भाव त्या कॅन्डलच्या वरच्या अर्ध्यात टिकतो. उसनी असेल तर पुढच्या दिवसा-दोन दिवसांत खालच्या अर्ध्यात बंद होतो.

आपल्या उदाहरणाकडे परत. तिसऱ्या दिवशी १५७ ला ज्याने घेतलं, त्याने स्टॉप लॉस, म्हणजे तोटा आवरून बाहेर पडायचा भाव, कुठे ठेवायचा? पुस्तकी उत्तर आहे पहिल्या सैनिकाच्या नीचांकाखाली, म्हणजे १४६ ला. जोखीम ११ अंक. पहिल्या प्रसंगात १०७ ला घेणाऱ्याचा स्टॉप १०० ला होता, जोखीम ७ अंक. एटीआरमध्ये मोजलं तर दोन्ही सारखेच, साडेतीन एटीआरच्या आसपास. मग फरक काय?

फरक सरासरीच्या जागेत आहे, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. पहिल्या प्रसंगात तीन सैनिकांनंतर सरासरी १०२ च्या जवळ आहे आणि स्टॉप १०० ला. म्हणजे भाव नेहमीसारखा सरासरीपर्यंत परत आला, थोडी धूळ झटकून पुन्हा वर निघाला, तर खरेदीदार सुखरूप आहे. दुसऱ्या प्रसंगात सरासरी १४१ च्या आसपास आहे आणि स्टॉप १४६ ला. म्हणजे भाव सरासरीकडे परत यायला निघाला, तर वाटेतच स्टॉप उडतो. तेजी मोडायची गरज नाही, मंदी यायची गरज नाही. निरोगी तेजीत अधूनमधून होणारी साधी घसरणसुद्धा या माणसाला बाहेर फेकायला पुरेशी आहे. ताणलेल्या तेजीत सैनिकांच्या मागे धावण्यात खरी चूक ही असते. दिशा बरोबर ओळखूनही माणूस तोट्यात जातो.

चौथ्या दिवशी शेअर १५७.५ ला उघडतो, १५८.५ पर्यंत जातो आणि तिथे कालचे अडकलेले लोक माल ओततात. बंद भाव १५३.५, तिसऱ्या सैनिकाच्या १५४ या नीचांकाच्याही खाली. हे झालं शिक्कामोर्तब. याआधी जे होतं तो संशय होता. मी तिसऱ्या दिवशीच्या बंद भावावर विक्री करत नाही ती याच कारणासाठी. चौथ्या दिवशी भाव १६० च्या वर बंद झाला असता, तर १६० ला विकणारा संपला असं मानून मी दमछाकीचा विचार सोडून दिला असता. ताणलेली तेजी आणखी ताणू शकते, आणि ती कितीदा ताणते हे ज्यांनी तेजीच्या विरोधात शॉर्ट करून पाहिलंय त्यांना सांगायला नको.

पुढचे दोन आठवडे आपला शेअर हळूहळू उतरत १४५ ला येतो. तोवर सरासरी वर येऊन १४८ झालेली असते. ज्याने १५७ ला घेतलं होतं त्याचा १४६ चा स्टॉप लागून गेला. आणि भाव बहुधा इथेच कुठेतरी स्थिरावतो. हिशोब करा: १०० पासून १६० पर्यंत ६० अंकांची वाढ, त्यातली १५ परत गेली. एक चतुर्थांश. याला तेजीचा अंत म्हणता येत नाही. दमछाक म्हणजे उलटफेर नव्हे. दमलेला माणूस बसतो, पाणी पितो, कधी पुन्हा चालू लागतो, कधी परत फिरतो. तीन दमलेले सैनिक फक्त 'आता बसणार' एवढं सांगतात. तो बसून उठणार की माघारी जाणार, हे त्या तीन कॅन्डल्समध्ये लिहिलेलं नसतं.

यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. चौथ्या दिवशी १५३.५ ला शॉर्ट करणाऱ्याचा हिशोब मांडू. स्टॉप १६० च्या वर, म्हणजे जोखीम ७ अंक. उद्दिष्ट सरासरी, जी आज १४२ च्या जवळ आहे. कागदावर ११ अंक मिळतात. पण सरासरी जागेवर थांबत नाही, ती रोज वर येते, आणि भाव तिच्यापर्यंत पोचतो तेव्हा ती १४८ ला भेटते. हातात येतात पाच-सहा अंक, सातच्या जोखमीवर. म्हणून हा इशारा मला शॉर्ट करण्यासाठी फारसा कामाचा वाटत नाही. ज्याच्याकडे १०७ चा माल आहे त्याच्यासाठी मात्र तो फार कामाचा आहे. त्याने तिसऱ्या सैनिकाच्या नीचांकाखाली, १५४ च्या खाली स्टॉप आणून निदान अर्धा नफा खिशात टाकावा. आणि ज्याच्याकडे माल नाही, त्याने त्या दिवशी घेऊ नये, सरासरी भेटायला येईपर्यंत थांबावं.

हा नियम कुठे लागू पडत नाही तेही सांगतो. शेअर रोजच्या चार्टवर ताणलेला दिसतो, पण आठवड्याच्या चार्टवर तो दोन वर्षांच्या पट्ट्यातून नुकताच बाहेर पडलेला असू शकतो. तेव्हा रोजच्या चार्टवरचे तीन सैनिक दमलेले असले तरी आठवड्याच्या चार्टवरची पहिलीच कॅन्डल चालू असते. 'ताणलेला' हा शब्द नेहमी कुठल्यातरी काळाच्या मापात असतो. तुम्ही ज्या काळासाठी घेताय त्याच काळाचा चार्ट बघा. दुसरं म्हणजे बातमी. कंपनीच्या कमाईचं चित्रच बदलून टाकणारी बातमी आली असेल, तर जुनी सरासरी ही जुन्या कंपनीची सरासरी असते. तिच्याकडे परत जायचं भावावर बंधन नाही.

आता कावळे. तर्क तोच, आरशातला. लांबच्या तेजीनंतर माथ्यावर तीन कावळे आले आणि पहिला कावळा सरासरीच्या वर किंवा जवळ उडाला असेल, तर ते ताजे कावळे, घसरणीची सुरुवात. भाव आधीच महिनाभर पडतोय आणि पहिला कावळाच सरासरीच्या खूप खाली निघाला असेल, तर ते दमलेले कावळे. बॉडी लहान होत जाते, खालच्या विक लांबतात, उलाढाल मात्र वाढते. खाली कोणीतरी माल उचलतंय.

पण आरसा पुरता सरळ नाही. घसरण तेजीपेक्षा वेगाने होते, आणि तिच्या शेवटी विकणारे बरेच जण स्वेच्छेने विकत नसतात. मार्जिन भरता न आल्यामुळे त्यांचा माल विकला जातो. असा विक्रेता भाव बघत नाही, म्हणून शेवटचे कावळे फार लांब असू शकतात. आणि तो संपला की एकदम संपतो, म्हणून तिथून उसळीही जोराची येते. मोजमापातही एक खाच आहे. पडत्या बाजारात एटीआर स्वतःच फुगतो. घसरणीआधी २ असलेला एटीआर घसरणीत ५ झाला, तर सरासरीपासून १५ अंकांचं अंतर आजच्या मापाने फक्त ३ एटीआर दिसतं, आणि आधीच्या मापाने साडेसात. कावळ्यांसाठी मी घसरण सुरू होण्याआधीचा एटीआर वापरतो. तेजी सहसा हळूहळू चढते म्हणून सैनिकांसाठी हा प्रश्न एवढा मोठा नसतो.

आणि कावळ्यांच्या बाबतीत शिक्कामोर्तबाची वाट बघणं सैनिकांपेक्षा कितीतरी पट महत्त्वाचं आहे. १९८७ च्या ऑक्टोबरमधला अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक घ्या. २५ ऑगस्टला तो २७२२ ला बंद झाला होता. १४ ऑक्टोबरला तो ३.८ टक्के पडला, १५ ला २.४ टक्के, १६ ला ४.६ टक्के, आणि शुक्रवारी संध्याकाळी २२४६ वर होता. शिखरापासून साडेसतरा टक्के खाली, तीन दिवस ओळीने घसरण. कोणत्याही मापाने ताणलेला. ज्याने त्या शुक्रवारी 'कावळे दमले' म्हणून खरेदी केली, त्याने सोमवारी, १९ ऑक्टोबरला, एका दिवसात २२.६ टक्क्यांची घसरण पाहिली. डाऊ १७३८ ला बंद झाला.

तिसऱ्या कावळ्याच्या उच्चांकाच्या वर बंद होईपर्यंत थांबायचं, एवढी एकच अट त्या माणसाने पाळली असती, तर सोमवारी तो बाहेर असता, कारण ती अट पूर्ण झालीच नाही. आणि त्याचं फार काही हुकलंही नसतं. मोठ्या घसरणीनंतरचा तळ पुष्कळदा दुसऱ्यांदा तपासला जातो. त्या वर्षीही तेच झालं: सहा-सात आठवड्यांनी, ४ डिसेंबरला, डाऊ पुन्हा १७६६ वर बंद झाला, ऑक्टोबरच्या तळापासून तीस अंकांच्या आत, आणि तिथून वर फिरला.